यादीत मी घातलेला एक शब्द

भावाच्या लग्नाची यादी झाली तेव्हा लिहायला मीच बसले होते. आमच्याकडे यादी म्हणजे दोन्हीकडच्या पाच-पाच माणसांसमोर कोणी काय करायचं ते कागदावर घ्यायचं आणि खाली सह्या करायच्या. मग त्यात बदल नाही. बदल मागणाऱ्याचं गावभर वाईट नाव होतं. मुलीची आई म्हणाली, "ठुशी दोन तोळं." मी लिहिलं, ठुशी, वीस ग्रॅम. आणि कोणी विचारलं नसताना त्याच्याआधी एक शब्द घातला : हातघडणीची. वाचूनही दाखवला, चांगला ठासून.

आई-वडील नाहीत म्हणून आमचं घर कमी समजू नये, एवढाच माझा हेतू. आईच्या गळ्यात हातघडणीची ठुशी होती. वडिलांच्या आजारपणात ती मोडावी लागली. भावाच्या बायकोच्या गळ्यातून तशीच ठुशी घरात परत यावी असं मला फार वाटत होतं. मी लग्न केलं नाही, भावाला वाढवलं, ब्लाऊज शिवून शिवून दोघांचं भागवलं. हौस म्हणून आयुष्यात मी हीच एक केली आणि ती अंगाशी आली.

लग्नाला चार दिवस उरले तेव्हा पैसे घेऊन खोपोलीला सोनाराकडे गेले. हिशेब पक्का केलेला. साखरपुड्यात वहिनीला साखळी घातली होती, तिला घडणावळ दहा टक्के पडली होती. म्हणजे वीस ग्रॅमच्या ठुशीला दोन ग्रॅमच्या किमतीएवढी घडणावळ, वर तीन टक्के जीएसटी. माझ्याकडे पावणेतेवीस ग्रॅमचे पैसे होते. बरोबर बसत होतं.

शेठने हातघडणीची ठुशी काट्यावर ठेवली, कॅल्क्युलेटर दाबला आणि माझ्याकडे फिरवला. मला वाटलं, चुकून दुसरंच काही धरलंय.

"घडणावळ वीस टक्के, ताई," तो म्हणाला.

"माझ्याकडून दहा घेतले होते तुम्ही."

"ती साखळी होती. मशीनची. मशीन दिवसाला शंभर काढतं. ही माणसाने बसून केलीये."

 वीस टक्के म्हणजे वीस ग्रॅमवर चार ग्रॅमचे पैसे नुसते घडणावळीचे. टॅक्स धरून मी दोन ग्रॅमच्या किमतीने कमी पडत होते. दोन ग्रॅम सोनं म्हणजे माझ्यासारखीचे किती ब्लाऊज, ते मोजायची हिंमत झाली नाही.

पण मी सहजासहजी उठणारी बाई नाही. म्हटलं, दर कमी करा. तो म्हणाला, "दर रोजचा असतो, बाहेर फळ्यावर लिहिलाय. टॅक्स सरकारचा. हॉलमार्कचे पैसे नगामागे ठरलेले. माझ्या हातात फक्त घडणावळ. काय भांडायचं ते तिच्यावर भांडा."

मग भांडले. ठुशीच्या मधला लाल खडा सोन्याच्या भावाने लावलाय का, ते आधी बघितलं. नव्हता, चिठ्ठीवर खडा-दोऱ्यासकट वजन वेगळं आणि निव्वळ सोन्याचं वेगळं लिहिलेलं होतं. मग ठुशी उलटी केली. मागची साखळी गुळगुळीत, सगळ्या कड्या एकसारख्या. "ही तरी हाताची आहे का?" शेठ हसला. नव्हती. तीन ग्रॅमची ती साखळी मशीनची, आणि घडणावळ मात्र हाताची. तिला दहाच टक्के लावायला लावले. मग म्हटलं, "सोनं महागलं की तुमचे टक्के आपोआप फुगतात. मणी वळणाऱ्याला काय आता जास्त वेळ लागतो का?" त्याने कॅल्क्युलेटर परत पुढे ओढला. शेवटी म्हणाला, "सगळ्यावर सरसकट सोळा. आता ओढू नका."

सोळानेही भागत नव्हतं. अजून एक ग्रॅमच्या वर कमी. मी म्हटलं, चौदा करा, बारा करा. आवाज चढला होता, मला कळत होतं.

दुकानाच्या मागच्या बाजूला पडद्याआड कारागीर बसायचा. वयस्कर, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. तो उठून बाहेर आला. "ताई," तो म्हणाला, "शेठनी त्यांचं सोडलंय. सोळाच्या खाली गेलं का माझ्या मजुरीतनं जाणार. कमी करायचं तर करा. पण मशीनचा भाव माझ्या हाताला लावू नका."

त्याने दोन ठुशा शेजारी ठेवून दाखवल्या. मशीनचे मणी सगळे सारखे, पत्रा दाबून काढलेले. त्याचे मणी बारीक लहानमोठे, पण एकमेकांना असे चिकटून बसलेले की मधून सुई जाणार नाही. मला माझीच लाज वाटली. "बाजारात तयार ब्लाऊज इतक्याला मिळतो" असं कोणी म्हणालं की मी कापड अंगावर फेकून परत देते. आणि इथे मी तेच करत होते. पण लाज वाटली म्हणून पैसे वाढत नाहीत.

"वजन कमी घ्या," शेठ म्हणाला. "एकोणीस ग्रॅमची करून देतो. तुमच्या पैशात बसेल."

एक ग्रॅम कमी. कागदावर वीस लिहिलेलं, खाली माझी सही. काट्यावर ठेवायला कोणाला किती वेळ लागतो? भावाला सांगितलं असतं तर त्याने कुठूनतरी व्याजाने उचललं असतं, आणि ते मला मरेपर्यंत चाललं नसतं. मी शेठला उद्यापर्यंत थांबायला सांगितलं. बाहेर येऊन गाड्यांच्या आवाजात उभी राहिले आणि सरळ रडले. येणारे-जाणारे बघत होते, बघू देत.

दुसऱ्या दिवशी सकाळी कर्जतला उतरून शेअर रिक्षाने कोंडाणे गावाच्या बाजूला, मुलीच्या घरी गेले. लग्नाच्या तीन दिवस आधी मुलाची बहीण एकटी दारात आलेली बघून मुलीच्या आईचा चेहराच उतरला. ती पापडाचं सूप खाली ठेवून उभी राहिली.

"काय झालं गं बाय? पोरगा बरा हाय ना?"

"बरा आहे," मी म्हटलं. "मीच अडकलेय."

चहाही न घेता सगळं सांगून टाकलं. यादी, दहा टक्के, वीस टक्के, सोळा टक्के. म्हटलं, "ठुशी हाताचीच आणते, एकदम सुंदर. फक्त एक ग्रॅम कमी. एवढी माफी द्या. पाया पडते." आणि खरंच वाकले. मी कोणाच्या पाया पडणारी नाही, पण पडले.

तिने मला धरून उठवलं. म्हणाली, "हातघडणीची मी कदी सांगितली? ती तुमीच लिवली. मी निस्तं दोन तोळं सांगितलं."

"पण तुम्ही काही बोलला नाहीत."

"तुमची हौस व्हती. मी कशाला मोडू?" ती ओटीच्या कडेला बसली. "माज्या सासूनं मला घातलेली. हाताची. लोक बघायला यायचे. आमचे हे शिडीवरनं पडले तवा मीच मोडायला घेऊन गेले. सोनारानं माज्यासमोर वितळवली. वितळताना गेलेली घट कापली, वजन केलं आणि वजनाचे पैसे दिले. मी म्हटलं, आणि कामाचं? तो म्हनाला, काम गेलं ना आता, बाई. त्या दिवशी मला कळलं. घडण डोळ्याला असते, वजन हाताला. तुमी मशीनची आना, चालंल. पण ग्रॅम एक बी कमी नको."

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मशीनची ठुशी माझ्या पैशात पूर्ण वजनाने बसत होती. पण माझा स्वभाव आडवा. मी म्हटलं, "म्हणजे आमच्या घरात तिच्यावर मोडायची वेळ येणार, असं धरूनच चाललाय तुम्ही?"

तिला राग आला नाही. त्यानेच मी जास्त हरले. ती म्हणाली, "येऊ नये म्हणून देवाला सांगते. आली तर म्हणून सोनं घालते."

 रिक्षात बसून परतीचा रस्ता मी बघितलाही नाही. आमच्या आईची ठुशी मोडली तेव्हाही कामाचे पैसे मिळाले नसणारच. ती घरी येऊन गप्प बसली होती, आणि मी लहान, मला वाटलं दागिना गेला म्हणून गप्प आहे. इतक्या वर्षांत हा विचार एकदाही माझ्या डोक्यात आला नव्हता. मी तर जन्मभर तिच्या ठुशीची घडणच आठवत बसले.

खोपोलीला जाऊन मशीनची ठुशी घेतली. शेठ दहा टक्के म्हणाला. आठपर्यंत ओढता आलं असतं, मशीनच्या मालाला तेवढी जागा असते, आणि शेठही ओढाताणीची वाट बघत होता. मी ओढलं नाही. "पावती जपा," शेठ म्हणाला, "मोडायची वेळ आली तर हीच दाखवावी लागते." पडद्याआडून हातोडीचा आवाज येत होता, मी तिकडे न बघता बाहेर पडले.

लग्नाच्या दिवशी त्याच पाच-पाच माणसांसमोर यादी निघाली. मी पेन घेऊन माझा तो शब्द खोडला आणि बाजूला सही केली. बायकांचे डोळे असतातच. ठुशी ताटातून फिरली तशी मुलीच्या मामीने ती उलटी करून बघितली आणि शेजारणीच्या कानाशी लागली. "मशीनची हाय." मला ऐकू जाईल इतकंच.  कारागिराच्या हातातली ती दुसरी ठुशी डोळ्यांसमोरून हलेना.

मुलीच्या आईने ठुशी उचलली. मण्यांकडे तिने बघितलंच नाही. तळहातावर घेतली, एकदा खाली-वर केली आणि मान हलवून लेकीच्या गळ्यात बांधली.

पाठवणीला सगळे रडत होते, मीही. आईने लेकीला मिठी मारली आणि कमरेची पिशवी सोडून तिच्या मुठीत काहीतरी दिलं. मला वाटलं, ओटीचे पैसे. दुमडलेला कागद होता. सकाळी माझ्याकडून "बघून देते" म्हणून घेतलेली ठुशीची पावती.

"ठुशीपाशी ठेवू नको," ती लेकीला म्हणाली. "येगळी ठेव. कुनाला दावू नको."

मी त्या दोघींपासून हातभर अंतरावर उभी होते. वहिनीने माझ्याकडे बघितलं आणि पावती ब्लाऊजमध्ये सरकवली. तो ब्लाऊज मी शिवला होता.