हुरड्याचं आमंत्रण

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "आजी, पाहुण्यांच्या अभिप्रायांना आता मशीनच उत्तरं लिहितं, तू कशाला डोळे शिणवतेस?" म्हणून हे लिहून ठेवते आहे.

वेरूळच्या आपल्या घरातल्या दोन खोल्या मी पाहुण्यांना देते, हे तुम्हाला माहीत आहेच. कोणी इंटरनेटवर चांगलं लिहिलं की मी वहीतलं एक इंग्रजी वाक्य उतरवायची: आभारी आहोत, पुन्हा अवश्य या. व्याकरण चोख होतं. सगळ्यांना तेच.

दिवाळीआधी एका मुलीने लांबलचक लिहिलं. तिची आई कित्येक दिवस नीट जेवत नव्हती. आपल्या गच्चीवर तिने अख्खी भाकरी खाल्ली आणि कितीतरी वेळ डोंगराकडे बघत बसली. मी वहीतलं वाक्य टाकून मोकळी झाले.

आपल्याकडे स्वयंपाकाला येतात त्या मूळच्या करमाडच्या बाईंना मी दुपारी गच्चीवर ते वाचून दाखवलं. ऊन मऊ होतं, डोंगर धुरकट निळा झाला होता. भाकरीचं ऐकून त्यांनी निवडायचं ताट बाजूला सारलं.

"मग तुमी काय लिवलं?"

मी त्या वाक्याचा अर्थ सांगितला.

"अन् मागं मोटारसायकलवर आलेल्या त्या पोरान्ला?"

"तेच."

"बाई, ही तर लग्नपत्रिका झाली. नाव बदलायचं अन् वाटायची." मग हळूच म्हणाल्या, "ती म्हातारी पुन्हा यावी वाटतं मला. माझ्या मायवानी बसली व्हती."

उत्तर बदलता येतं. मी फोन त्यांच्यापुढे धरला. "सांगा, मी लिहिते."

"लिवा, तुमची माय जिथं बसली तिथंच आमी खुर्ची ठिवली हाय. संक्रांतीच्या आगंमागं हुरडा निघतो, लई कवळा असतो. तवा या."

मी आभार वर घातले आणि बाकी त्यांचंच ठेवलं, मराठीतच. तब्येत कशी आहे, हे विचारायचं त्या म्हणत होत्या. ते मी गाळलं. ते उत्तर सारं जग वाचतं. बोलावणं होतं, तेवढं पुरे होतं.

मुलीचं काही उत्तर आलं नाही. पौष लागला. बाई रोज खुर्ची पुसायच्या, मी बघून न बघितल्यासारखं करायची. मग एका दुपारी फाटकाशी गाडी थांबली. मुलगी आईला हाताला धरून उतरवत होती.

"हुरडा हाय का?" म्हातारीने विचारलं.

"तुमच्याचसाठी ठिवला," बाई म्हणाल्या. ते खरं नव्हतं. त्या लगेच मागच्या दाराने शेजारच्या शेतात गेल्या.

त्या दुपारी म्हातारी गरम दाणे तळहातावर घेऊन बसली होती. खायची, थांबायची, डोंगराकडे बघायची. मला ती दुपार अजून स्वप्नात पाहिल्यासारखी आठवते.

ती पुढच्या वर्षी आली नाही. वहीतल्या त्या वाक्यावर मी रेघ मारली आहे; आता प्रत्येकाला वेगळं, माझं मीच लिहिते. खुर्ची गच्चीवर आहे, आणि ते उत्तर त्या अभिप्रायाखाली अजून तसंच आहे.