सकाळचं प्रेशर आणि शिमगा

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकही खोटा आकडा लिहिला नाही. गिरणीच्या हजेरीखात्यात तीस वर्षं काढलेला माणूस. रक्तदाबाच्या वहीतही चार आठवडे सकाळी दोन, संध्याकाळी दोन, असे सगळे आकडे खरे होते. अडचण तीच होती.

डॉक्टरांनी मागच्या वेळी बजावलं होतं: घरची सरासरी १३५/८५ च्या वर राहिली तर दुसरी गोळी. पहिलीनेच वडिलांना चाळीच्या जिन्यावर अंधारी यायची. सहाची वेळ घेतलेली, आणि मी दुपारी ठाकूरद्वारहून लालबागला येऊन आकडे लॅपटॉपवर चढवत बसलो. सगळ्यांची सरासरी आली १३६/८३. पुन्हा बेरीज केली. १३६. उठून गॅलरीत गेलो, परत आलो. १३६च.

मग सकाळ-संध्याकाळ वेगळी केली. संध्याकाळ चारही आठवडे १२९/७९. सकाळ पहिल्या आठवड्यात १४६/८८, दुसऱ्यात १४८/९०, चौथ्यात १४७/८९. तिसऱ्यात मात्र १३१/८०. त्या आठवड्यात गोळी बदलली नव्हती, मिठाचा डबाही होता तिथेच होता. मशीन बिघडलं होतं का, असं विचारल्यावर वडील दुखावले.

"मशीन ठीक होतं. शिमग्याला सगळा मजला गावी गेला होता, एवढंच."

शिमग्याचा आणि रक्तदाबाचा काय संबंध, हे काढून घ्यायला पाऊण तास गेला. आमच्या मजल्यावर संडास दोन, आणि सकाळी रांग. वडील बादली ठेवून नंबर लावतात आणि नंबर येईपर्यंत वेळ फुकट जाऊ नये म्हणून घरात येऊन प्रेशर मोजतात.

"म्हणजे जायच्या आधी? लागलेली असताना?"

"मग काय? आठ मिनिटं मोकळी असतात. शिमग्यात रांगच नव्हती, म्हणून आधी जाऊन आलो."

घड्याळात साडेपाच. मी तक्त्यात सकाळचे आकडे 'रांग' आणि 'रांग नाही' असे दोन भागांत मांडले आणि धावत खालून प्रिंट काढून आणली. संडासाच्या रांगेचा हिशेब डॉक्टरांना दाखवणं वडिलांना अवमानकारक वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला. भरलेल्या मूत्राशयाने दाब वाढतो, त्यामुळे त्या सकाळींवरून गोळी ठरवता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. गोळी आहे तीच ठेवली. एक आठवडा सकाळी आधी जाऊन यायचं, पाच मिनिटं टेकून बसायचं, मग मोजायचं आणि नंतर गोळी घ्यायची.

वडिलांनी घरी येऊन पट्टीने वहीत नवा रकाना आखला: 'जाऊन आले'.

आठवड्याने सकाळची सरासरी १३२/८१ आली. नव्या रकान्यात सात सह्या होत्या.