टिकलीखालचा दिवा

आमचे सासरे केसरीनाथ यांना गाडी उत्तम चालवता येत होती. अडचण एवढीच होती की त्यांना ती थांबवताही फार उत्तम येत होती. समोरच्या काचेखाली एखादा दिवा पेटला रे पेटला, की आम्ही उड्डाणपुलावर असू, मशिदीसमोर असू नाहीतर कंटेनरच्या दोन चाकांमध्ये असू, गाडी तिथेच थांबायची.

यात त्यांचा दोष नाही, असं मी आधी म्हणत असे. मग तीच गोष्ट तिसऱ्यांदा घडली आणि मी म्हणायचं सोडलं.

बाबांचं आयुष्य टेमघरच्या लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात गेलं. आधी दुसऱ्याकडे लूम दुरुस्त करायचे, पुढे स्वतःचे लूम टाकले. त्यांच्यासाठी जगात एकच नियम होता. आडवा धागा तुटला की लूम आपोआप थांबतो. धागा तुटूनही थांबला नाही, तर वारच्या वार कापड खराब निघतं आणि व्यापारी ते तोंडावर फेकतो. “थांबला म्हंजे इमानदार,” असं ते लूमबद्दल म्हणायचे. माणसांबद्दलही त्यांचं मत साधारण असंच होतं.

धंदा बसला, लूम भंगारात गेले, आणि उरलेल्यातून त्यांनी ही पांढरी गाडी घेतली. आई, म्हणजे माझ्या सासूबाई काशीबाई, म्हणायच्या की ह्यांचे हात नुसते बसले तर हे आजारी पडतील. खरंच होतं ते. गाडी आल्यापासून बाबा परत माणसात आले होते. सकाळी पुसायचे, बॉनेट उघडून उगाच आत बघायचे, आम्हाला बाजारात न्यायचे. घरात त्यांच्या ताब्यात आता तेवढंच एक यंत्र राहिलं होतं.

आणि मग त्या यंत्रात पाना पेटला.

पिवळा, छोटासा, पान्याच्या आकाराचा दिवा. बाबांनी उड्डाणपुलाच्या चढावर गाडी थांबवली, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाले, “तुटला.” मागे भिवंडीतले झाडून सगळे भोंगे वाजत होते. मी म्हटलं, बाबा, काय तुटलं? “तं मना काय म्हाईत? थांबल्याबिगर कलनार कसा?”

आमचा गॅरेजवाला जुबेर त्या वेळी धावत आला. अत्यंत गोड मुलगा, पण कामात विसरभोळा. त्याने बाबांना समजावलं. “चाचा, हा पाना म्हणजे बिघाड नाय. गाडी किलोमीटर आणि महिने मोजते. ठरलेला आकडा झाला की बोलते, सर्व्हिस करा. बस. आरामात चालवत या. त्या बाजूला इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा आहे, तो लागला तर खरंच काहीतरी गडबड. लवकर दाखवायचा. और लाल लगा तो वहीं रुको, इंजिन बंद.”

“म्हंजे काही दिवं खोटं बोलतान?”

“खोटं नाय चाचा, याद दिलवतात.”

“लूमनी मना कधी याद न्हाय दिली,” बाबा म्हणाले. विषय संपला.

तो पाना गाडी सर्व्हिसला नेईपर्यंत रोज पेटत होता आणि बाबा रोज कुठेतरी थांबत होते. एकदा पोलिसाने विचारलं, काका, काय झालं? बाबांनी बोट दाखवलं. पोलिसाने आत डोकं घातलं, दिवा पाहिला आणि गंभीर होऊन बाकीची वाहतूक दुसऱ्या बाजूने वळवली. भिवंडीत अर्धा रस्ता आमच्या ऑइल बदलण्याच्या मुहूर्तासाठी बंद होता, हे मी माहेरी अजून सांगितलेलं नाही.

माझा नवरा भूपेश राहनाळच्या गोदामात सुपरवायझर आहे. दिवसभर तो ट्रकवाल्यांवर ओरडतो आणि उरलेलं ओरडणं घरी आणतो. त्याने बजावलं, “बाबा, आता सर्व्हिस करतोय. त्याच्यानंतर एकदा जरी मधी थांबलात, तर चावी माझ्याकडं. कायमची.”

बाबा चावीवर अंगठा फिरवत बसले. मला वाईट वाटलं आणि भूपेशचा रागही आला. पण उड्डाणपूल आठवला आणि मी बाबांची बाजू घेतली नाही.

सर्व्हिस झाली. जुबेरने ऑइल बदललं, फिल्टर बदलले, गाडी धुऊन दिली. दुसऱ्या दिवशी वळ गावात भाविकची हळद होती. भाविक म्हणजे आईंचा भाचा. आत्या, म्हणजे आई, पोचल्याशिवाय हळद लागणार नव्हती आणि आत्या सकाळपासून पिवळी साडी नेसून दारात उभी होती. मी पुढे बसले, मांडीवर लाडवांचा डबा. भूपेश आणि आई मागे. बाबांनी गाडी सुरू केली, गल्लीतून बाहेर काढली, आणि नाक्यावर थांबवली.

पाना पेटलेला होता.

“सर्व्हिस झाली ना?” बाबा हळूच म्हणाले. “मंग ह्यो कशाला पेटलाय?”

भूपेशने जुबेरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. जुबेर हळहळला. “अरे यार, रीसेट करायचं राहिलं! गाडीला काय माहीत ऑइल बदललं का नाय, ती फक्त मोजते. आपण सांगायचं असतं, झालं काम, आता पहिल्यापासून मोज. उद्या या, करून देतो. गाडी बिनधास्त चालवा.”

“ऐकलंत?” भूपेश म्हणाला. “उतरा.”

बाबांनी चावी त्याच्या हातात दिली आणि मागे आईशेजारी जाऊन बसले. ते भांडले असते तर बरं झालं असतं. ते खिडकीबाहेर बघत राहिले आणि त्यांचा मोकळा हात गुडघ्यावर नुसता उघडमीट होत होता.

भूपेश चालवायला बसला, पण थोड्या वेळाने बाप मागून पान्याकडे बघतोय हे आरशात दिसलं आणि ते त्याला सोसेना. “आये, टिकली हाय काय?” आईंच्या पाकिटात एकच टिकली उरली होती. भूपेशने ती पान्यावर चिकटवली. “झालं. संपला बिघाड.” आई हसल्या. मीही हसले, खोटं कशाला बोलू? बाबा हसले नाहीत.

वळच्या रस्त्याला खड्डे चुकवत, कंटेनरांच्या मागे आम्ही रखडत होतो. एका वळणावर काचेखाली काहीतरी लाल लुकलुकलं आणि गेलं. थोड्या वेळाने ब्रेक लागला, तसं परत लुकलुकलं. मग ट्रॅफिकमध्ये गाडी पूर्ण थांबली आणि तो दिवा पेटला तो पेटलाच.

“भूप्या, लाल हाय.”

“बाबा, तोच हाय. रीसेट न्हाय केला म्हणून.”

“तो पाना. ह्यो तेलाचा डबा हाय. टिकलीच्या बाजूला बग.”

“आये, अजून एक टिकली?”

“न्हाय रे.”

तेव्हा माझ्या नवऱ्याने माझ्याकडे वळून माझ्या कपाळावरची टिकली काढली. हळदीला निघालेल्या बायकोच्या कपाळावरची! मी त्याच्या हातावर चापट मारेपर्यंत ती लाल दिव्यावर बसलीसुद्धा. टिकलीच्या कडेने लाल उजेड गोल पाझरत होता.

मागून एक हात आला. बाबांनी दोन सीटांमधून वाकून चावी फिरवली, काढली आणि मुठीत घट्ट धरली. गाडी उभीच होती, आता तिचा आवाजही बंद झाला.

“थांबला,” बाबा म्हणाले.

पुढचा कंटेनर हलला. मागचे भोंगे सुरू झाले. भूपेश ओरडत होता, बाबा मूठ उघडत नव्हते, आई म्हणत होत्या, माझ्या भाच्याची हळद, आणि मी उघड्या कपाळाने लाडवांचा डबा सांभाळत होते. एक रिक्षावाला उतरून आला. “काय बिघडलं?” भूपेशला उत्तर देता येईना, कारण बिघाडावर टिकली होती.

शेवटी गाडी ढकलून कडेला घ्यायची ठरली. आई पिवळ्या साडीत, मी हिरव्या शालूत, भूपेश शिव्या देत. बाबा स्टीअरिंगला. काही झालं तरी त्यांना परत तिथे बसायला मिळालं होतं, हे माझ्या लक्षात आलं.

मी फोनवर ‘बाबांनी परत थांबवली’ एवढंच सांगितलं, तसा जुबेर स्कूटरवरून आला. येतानाच हसत होता, पान्याची चेष्टा करायच्या तयारीत. बाबांनी दोन्ही टिकल्या काढून बाजूला ठेवल्या आणि चावी फिरवली. सगळे दिवे पेटले. “इंजिन चालू करू नका,” जुबेर पटकन म्हणाला. एक टिकली लाल दिव्यावरून निघालेली पाहून त्याचं हसू गेलं होतं. त्याने बॉनेट उघडलं, ऑइल मोजायची पट्टी काढली, पुसली, परत घालून काढली. पट्टी टोकापर्यंत कोरडी होती.

तो गाडीखाली आडवा झाला. थोड्या वेळाने आवाज आला, “या अल्ला.” खालचा नट, ज्यातून जुनं ऑइल काढतात, तो सर्व्हिसच्या वेळी त्याने हाताने बसवला होता आणि पान्याने आवळायला विसरला होता. खड्ड्यांनी तो सैल होत गेला. ऑइल आख्ख्या रस्त्यावर सांडत आलं होतं.

बाहेर येऊन त्याने बाबांचे हात धरले. “चाचा, माफ करा. अजून थोडी चालली असती तर इंजिन जाम. बंद केली म्हणून वाचली.”

जुबेरने नट आवळला, स्कूटरवरून जाऊन नवीन ऑइल आणून भरलं, पट्टीवर पातळी पाहिली आणि बाबांना गाडी सुरू करायला सांगितलं. लाल दिवा क्षणभर राहिला आणि विझला. खाली पाहिलं, एक थेंब नव्हता. मग त्याने गाडी बंद केली, वेगाच्या काट्याजवळचं बटण दाबून धरलं आणि चावी फिरवली. पाना लुकलुकला, पुढच्या सर्व्हिसचा आकडा आला, पाना गेला.

बाबा हे बारकाईने बघत होते. “लाल दिव्याला असा बटन हाय काय?”

“नाय चाचा. तो आपल्या सांगण्याने जात नाय. ऑइल आलं की स्वतः जातो.”

“मंग त्याचा ऐकला पायजे,” बाबा म्हणाले. “पान्याला वाट बगू दे.”

एवढं एक वाक्य बोलायला त्यांना उड्डाणपूल, पोलीस आणि आमची हळद लागली होती. पण ते शिकले होते. भूपेश मात्र अजून रस्त्यावरचा तेलाचा पट्टा बघत उभा होता. मग तो पुढे आला, स्टीअरिंगला बसलेल्या बापाच्या बाजूचा उघडा दरवाजा त्याने स्वतःच्या हाताने लावला आणि मागे आईशेजारी जाऊन बसला. चावी होती तिथेच, बाबांच्या हाताशी राहिली.

आम्ही निघालो. वळचा फाटा आला, लांबून हळदीचा बेंजो ऐकू यायला लागला, आणि गाडी हळू होत कडेला थांबली.

आम्ही तिघेही एकदम पुढे वाकून दिव्यांकडे बघायला लागलो. एकही पेटलेला नव्हता. 

बाबांनी समोरच्या छोट्या दुकानाकडे हनुवटी केली. “सूनबाय, जा, टिकल्यांचा पाकीट घेऊन ये. कपाल मोकला हाय तुजा. मी मगापासून बगतोय.”