खाली तोंड असलेलं मोहफूल

अहेरीत माझं स्टिकर-फ्लेक्सचं दुकान आहे. डिझाइन मीच करते, आताशा निम्मं एआयकडून. लोकं म्हणतात, बाई हुशार आहे. डोंबलाची हुशार!

जंगलातल्या एका गावचा बायकांचा गट मध विकतो. त्यांची अध्यक्ष, वयानं माझ्या आईएवढी, कोळशानं काढलेलं मोहाचं फूल घेऊन आली. देठाला चार फुलं, सगळ्यांची तोंडं खाली. "मोह असाच लटकते, बाई," म्हणाली. नागपूरच्या एका दुकानदारानं दोन प्रकारचा माल मागितला होता: पांढऱ्या लेबलाची बाटली आणि गडद तपकिरी लेबलाची बरणी. गटाचं पहिलंच बाहेरगावचं गिऱ्हाईक. सगळ्या बायकांचा जीव त्यातच अडकलेला.

पांढऱ्या लेबलासाठी मी तिच्या चित्राचा फोटो एआयला दिला आणि लिहिलं: हाच आकार, सपाट, जाड रेषा, सावली नको, रंग गडद हिरवा. झकास निघालं. गटाचं नाव मी स्वतः टाइप केलं, कारण मराठी अक्षरं एआय हमखास बिघडवतो. पण तेच हिरवं तपकिरीवर ठेवलं तर दिसेचना. आकार तोच ठेवून नुसता रंग फिक्का करायचा होता. पण मला मेलीला घाई! नवीनच प्रॉम्प्ट मारला: "गडद पार्श्वभूमीसाठी मोहफुलाचा लोगो, क्रीम रंग, लांबून दिसेल असा." पहिलं चित्र जोडलंच नाही. न जोडता मागितलं की तो नवंच काढतो, हे मला माहीत होतं. क्रीम रंगातलं फूल सुरेख आलं. नखाएवढं करून पाहिलं, तरी स्पष्ट. मी खूश.

बाईनं स्क्रीनजवळ तोंड नेलं. "हे आमचं नाई. हे वर पाहून राह्यलं."

"गडद रंगावर तसंच वाटते हो," मी म्हटलं. "तुम्ही काऊन काळजी करता? छापू द्या मले."

छापलं. दुकानदारानं बाटली आणि बरणी शेजारी-शेजारी ठेवली आणि फोनवर विचारलं, यातला नकली माल कोणता? मग सगळाच माल परत पाठवला. दुसऱ्याकडून घेतो म्हणाला.

मग मी हिरव्याचाच आकार घेऊन त्याला क्रीम रंग दिला. पाच मिनिटांचं काम. आग लागो त्या पाच मिनिटांना! नवे स्टिकर घेऊन त्यांच्या गावी गेले. परत आलेल्या बरण्या तिच्या ओसरीवरच होत्या. तिनं एक स्टिकर बरणीवर धरला, निरखला.

"हे आमचं," म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. "तवा सांगतलं होतं तुले. मले वाचता येत नाई, म्हणून ऐकलं नाई का?"

मी "नाई" म्हणणार होते. तोंडातून "हो" निघालं.