दिवा शांत झाला

कुर्डुवाडीच्या वर्कशॉपातून मी फिटर म्हणून आखातातल्या तेलकारखान्यात गेलो. तिथं पहिल्यांदा डोळ्यांत भरली ती उंच नळाच्या टोकावर दिवसरात्र पेटलेली ज्वाळा. माझं तर डोकंच फिरलं. आमच्या घरी एक काडी वाया गेली तर आई दिवसभर बोलते, आणि हे लोक आभाळाला चूल लावून बसलेत!

आमचा पंजाबी मिस्त्री मोठ्या मनाचा माणूस. माझ्या रागाला हसला आणि नीट समजावून सांगितलं. तेल तापवलं की गॅस निघतो. भट्ट्यांना लागेल तेवढा तिथं जळतो. उरलेला साठवायला जागा नाही, घ्यायला गिऱ्हाईक नाही. कोंडला तर भांडी फुटतील. तसाच सोडला तर त्यातला सडक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू माणसं मारील, आणि तो फार झाला की नाक बधिर होऊन वासही येत नाही. जाळला की त्याचा घसा खवखवणारा गंधकाचा धूर होतो, हवा कमी पडली तर काजळीही. वाईटच, पण उघड्या गॅसपेक्षा बरा. तेव्हापासून ती ज्वाळा मला राखणदारीण वाटायला लागली.

तिच्यावर नजर ठेवायला वळसंगचा एक धनगर गडी होता; तो तिला दिवाच म्हणायचा. वाऱ्याची नस ओळखावी ती त्यानंच.

एकदा दुपारी मी आणि माझ्या मागोमाग तिथंच कामाला लागलेला माझा धाकटा भाऊ नळाजवळच्या खोल चरात पाइप जोडत होतो. मिस्त्री काठावर उभा. अचानक वावटळ आली, गरगरली आणि गेली. वारा अगदी पडला. तेवढ्यात गडी ओरडला, "शांत झाला! दिवा शांत झाला!"

मिस्त्रीला त्यातलं 'शांत' तेवढं कळलं. त्याला वाटलं, वारा शांत झाला. "अच्छा! काम चालू रखो!"

मला मात्र नेमकं कळलं. आमच्याकडे दिवा विझला असं कोणी तोंडानं म्हणतं का? ज्वाळा गेली होती आणि जड गॅस खाली उतरत होता. मी भावाचा दंड धरला, त्याला चराबाहेर ओढलं आणि "विझलाय हो!" असं बोंबलत सुटलो. भाऊ वर येऊन गुडघ्यांवर पडला, ओकला, पण शुद्धीत होता.

मिस्त्रीनं सगळ्यांना लांब नेलं आणि आधी गॅस कमी करायला लावला. पुन्हा वारा सुटून सगळं पांगल्यावर, वाऱ्याकडच्या बाजूनं तो स्वतः गेला, तारेवरून पेटता बोळा वर चढवला. भक्कन ज्वाळा उठली. काय छाती होती त्या माणसाची! मग गड्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आजपासून फक्त विझला म्हणायचं." गड्यानं कान पकडले. "लई वंगाळ शबुद हाय मिस्त्री, पर वरडतो की!"

पुढं सुट्टीत आम्ही दोघं भाऊ शुक्रवार पेठेतल्या घरी आलो. संध्याकाळी झुळुकीनं देवापुढची ज्योत गेली आणि भाऊ केवढ्यांदा ओरडला, "विझला!"

आईनं कपाळावर हात मारला. "शुभ बोल की रे मेल्या!"

मी म्हणालो, "ओरडू दे गं. ओरडायला आहे की तो."