शून्य पॉइंट अठ्ठेचाळीस

आरसीसी डिझाइन या विषयात मी दोनदा नापास झालो होतो, त्यामुळे आमच्या पॉलिटेक्निकात मला त्या विषयातला जाणकार समजत. यात कुणालाच काही वावगं वाटत नसे, मला तर नाहीच. एकदा नापास झालेला पोरगा घाबरलेला असतो. दोनदा नापास झालेल्याला पेपर कसा येतो, किती वाजता येतो, पर्यवेक्षक कोणत्या बाकाशी जास्त वेळ उभा राहतो, सगळं ठाऊक असतं.

शिवाय गठ्ठा माझ्याकडे होता. गठ्ठा म्हणजे जुन्या पेपरांतल्या सोडवलेल्या गणितांच्या झेरॉक्स. मूळ कोणी सोडवली देव जाणे. झेरॉक्सची झेरॉक्स होत होत अक्षरं पुसट झाली होती आणि अर्ध्या पानांवर कुणाच्या तरी अंगठ्याची सावली छापली गेली होती. पद्धत अशी की ज्याचा विषय निघाला त्यानं गठ्ठा राहिलेल्याला द्यायचा. माझ्याकडे तो दीड वर्ष मुक्कामाला होता.

गठ्ठ्यात बीमची बारा गणितं होती आणि बाराही एकाच चालीनं चालत. बीमवर वजन आलं की त्याचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. दाब काँक्रीट सोसतं, ताण खालच्या सळया सोसतात. मधे एक रेघ असते, तिथं ना दाब ना ताण. ती न्यूट्रल अ‍ॅक्सिस. ती वरून किती खोल आहे ते काढायचं, आणि ती ठरलेल्या मर्यादेच्या आत आहे का ते तपासायचं. ही मर्यादा म्हणजे ०.४८ गुणिले बीमची सळयांपर्यंतची खोली. रेघेची खोली मर्यादेच्या आत आली की लिहायचं, ‘सेक्शन अंडर-रिइन्फोर्स्ड, म्हणून ठीक’, म्हणजे सळई प्रमाणाबाहेर नाही, आणि भोवती चौकट आखायची. बाराही गणितांत ठीकच येत असे. म्हणून मी एक सुधारणा केली होती. आधी चौकट आखून ‘ठीक’ लिहून टाकायचं आणि मग वरचे आकडे भरत यायचं. वेळ वाचतो.

त्या वर्षी माझ्यासोबत एक मित्रही अडकला होता. त्याचं पहिल्यांदाच राहिलं होतं. मंगरूळपीरला त्याच्या अब्बांचं सळई-सिमेंटचं दुकान होतं आणि मी धनजहून येऊन जवळच खोली करून राहत होतो. दुपारी दुकानात गिऱ्हाईक कमी असे, तेव्हा आम्ही मागच्या गोदामात सिमेंटच्या पोत्यांवर बसून अभ्यास करायचो. म्हणजे मी शिकवायचो. गुरुजी दोनदा नापास आणि चेला एकदा.

चेला भलता चिकित्सक निघाला. मी म्हणालो, “लिही, शून्य पॉइंट अठ्ठेचाळीस.”

“काहून?”

“काहून म्हणजे? लिवलं हाय तसं.”

“पण अठ्ठेचाळीसच काहून? पन्नास काहून नाही?”

“अबे, पेपर काढणाऱ्याले इचार. तुले पास व्हायचं हाय का पीएचडी करायची हाय?”

तरी तो लिहीत नसे. एका दुपारी त्यानं एकच गणित दोन तास चघळलं. काँक्रीट किती दबलं, सळई किती ताणली गेली, त्याचे त्रिकोण काढत बसला. तेवढ्या वेळात माझी चार गणितं झाली. मी त्याच्या अब्बांसमोर तोंड सोडलं. “चाचा, याले सांगा, हा असाच काहून काहून करत राह्यला तर याचा पेपर अर्धा राह्यते.” अब्बांनी वजनकाट्यावरून मान वर केली. “अरे, दुकानातही हेच करते हा. गिऱ्हाईक सळई मागते, अन् हा इचारते कायले पाहिजे!” मला फार बरं वाटलं.

मला घाई होती, तिला कारणही होतं. वाशीमच्या एका ठेकेदारानं मला साइट सुपरवायझर म्हणून घ्यायचं कबूल केलं होतं. मात्र डिप्लोमाचा निकाल हातात आणून द्यायचा. निकालापर्यंत जागा राखून ठेवतो, त्यापुढं नाही, असं त्यानं स्वच्छ सांगितलं होतं. आणि आमच्या आईनं मागचा-पुढचा विचार न करता गावात सांगून टाकलं होतं की पोरगा इंजिनियर झाला. मी धनजला गेलो की लोक संडासाच्या स्लॅबला किती सळई टाकू म्हणून विचारायला येत. मी गंभीर चेहरा करून भिंतीवर टिचकी मारायचो आणि सांगायचो, “बघून सांगतो.” यंदा विषय निघाला नसता तर जागा गेली असती, आणि ती टिचकी जन्मभर मारत बसावं लागलं असतं.

पेपर वाशीमला होता. तिसरा प्रश्न वाचला आणि मी मनातल्या मनात मुजरा केला. बीमची रुंदी २३० मिलिमीटर, सळयांपर्यंतची खोली ४५०, सोळा मिलिमीटरच्या चार सळया, काँक्रीट एम २०, पोलाद एफई ५००. बीम किती मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, सोसेल ते काढा. आठ मार्क. गठ्ठ्यातलं सातवं गणित हुबेहूब, फक्त आकडे बदललेले. मी आधी चौकट आखली, आत ‘ठीक’ लिहिलं आणि वर आकडे भरायला लागलो. मर्यादा ०.४८ गुणिले ४५०, म्हणजे २१६. चार सळयांचं क्षेत्रफळ ८०४. पोलादाच्या जागी पेपरात दिलेले पाचशे टाकले. न्यूट्रल अ‍ॅक्सिसची खोली आली २११. दोनशे अकरा दोनशे सोळापेक्षा कमी. चौकट आधीच तयार होती. मोमेंट आली १२६ किलोन्यूटन मीटर. दहा मिनिटांत खेळ खलास.

दोन बाक पुढं माझा मित्र त्रिकोण काढत होता. मी पाचवा प्रश्न संपवून सहाव्याला हात घातला, तरी त्याचे त्रिकोण चालूच. मला त्याची दया आली, आणि खरं सांगायचं तर थोडं समाधानही वाटलं. मी सांगत होतोच.

परतीच्या एसटीत त्यानं विचारलं, “तिसऱ्याचं काय आलं तुह्यं?”

“एकशे सव्वीस.”

“मह्यं एकशे चोवीस. ओव्हर-रिइन्फोर्स्ड आला न तो.”

मी हसलो. “ओव्हर कसा येईन बे? बारा गणितांत एकबी ओव्हर नाही.”

“मर्यादा दोनशे सात येते. खोली दोनशे अकरा. बाहेर गेली.”

“दोनशे सात कुठून आणलं तू?”

“पाचशेचं लोखंड हाय, भाई. पाचशेले शेचाळीस लागते. अठ्ठेचाळीस चारशे पंधराले.”

मी म्हणालो, गठ्ठ्यात तर सगळीकडे अठ्ठेचाळीसच आहे. तो म्हणाला, गठ्ठ्यात सगळीकडे चारशे पंधराचंच लोखंड आहे. एवढ्या दिवसांत त्या बारा गणितांच्या वरच्या ओळीत कोणतं पोलाद लिहिलंय हे मी वाचलंच नव्हतं. मी फक्त आकडे बसवायचो. हरलेला माणूस जे करतो तेच मी केलं, आवाज चढवला. “काही असो! मह्या बीम एकशे सव्वीस उचलते, तुह्या एकशे चोवीस. मह्यावाला मजबूत हाय!” मागच्या बाकावरची एक बाई टोपली सावरत म्हणाली, “मंग त्याचाच घ्या न भाऊ.” सगळी एसटी हसली. मीही हसलो, पण घरी येईपर्यंत आठ मार्क मोजत होतो.

निकाल लागला. मी काठावर पास. माझ्या अंदाजाने तिसऱ्यात पायऱ्यांचे मार्क मिळाले असावेत. सूत्र बरोबर, क्षेत्रफळ बरोबर, तुलना केलेली, चौकट तर फारच सुबक. फक्त बीम चुकला होता. माझा मित्र तीन मार्कांनी राहिला. त्रिकोणांच्या नादात शेवटचा प्रश्न त्यानं उघडलाच नव्हता.

ठेकेदारानं सोमवारपासून ये म्हटलं. आईनं पेढे वाटले. मी गठ्ठा घेऊन मंगरूळपीरला गेलो, कारण पद्धत ती पद्धत. मनात म्हटलं, बिचाऱ्याला धीर देऊ, चार युक्त्या सांगू.

तो गोदामात सळया मोजत होता. मी गठ्ठा पुढं केला आणि म्हणालो, “घे. यंदा काहून काहून नोको करू.”

त्यानं हात पुसले, पण गठ्ठा घेतला नाही. पोत्यावर बसला आणि म्हणाला, “आता तरी इचार एकडाव, काहून शेचाळीस.”

त्याची हौस फिटावी म्हणून मी विचारलं. “काहून?”

त्यानं सिमेंटच्या धुळीत बोटानं दोन त्रिकोण काढले. “काँक्रीट एका हद्दीपर्यंत दबते, मंग चुरते. ती हद्द ठरलेली हाय. त्याच्या आधी लोखंडानं ताणून हार मानली पाहिजे. पाचशेचं लोखंड जास्त कडक, त्याले हार मानाले जास्त ताण पाहिजे. म्हणून रेघ थोडी वर ठेवा लागते. शेचाळीस.”

“मंग ओव्हर झालं तर काय होते? बीम पडते का लगेच?”

“लगेच कायले पडन? पण वजन जास्त झालं न, तर लोखंड ताणतच नाही, अन् वरचं काँक्रीट एकदम चुरते. लोखंड आधी ताणलं तर बीम लवते, भेगा पडतात. घरातली माणसं पाह्यतात अन् बाहेर पळतात. ओव्हरमधी पळाले टाइमच नाही भेटत.”

हे मला तीन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे वर्गात सांगितलं असेल, मी तेव्हा चौकट आखत असेन. सोमवारी मला जिथं जायचं होतं तिथं दुमजली घराचे बीम भरायचे होते आणि त्यात माणसं राहायला येणार होती.

मी पुन्हा गठ्ठा पुढं केला. या वेळी जरा हळू. “तरी घे न यार. पायऱ्या तरी पाठ होतीन. पास होशीन.”

त्यानं तो माझ्याकडे परत सरकवला. रागानं नाही, अगदी मायेनं.

“तूच ठेव, भाई, अन् काहून काहून करत पुन्हा सोडव. मले फक्त पेपर द्यायचा हाय. तुले बीम भरायचे हाय.”

मला फार लाज वाटली. मी पेन काढलं, त्याच्या शेजारच्या पोत्यावर बसलो आणि म्हणालो, “ते त्रिकोण पुन्हा काढ.”