पाच की सहा

तोवेचा वर्ग माझ्या वर्गाला लागूनच होता. मधली भिंत पातळ, त्यामुळे तिचा गणिताचा तास मला पाठ झाला होता. डेन्मार्कमधल्या जटलंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात बापाला आणि पोराला दोघांनाही तिनेच शिकवलंय अशी घरं बरीच होती.

तिसरीत मोठ्या संख्या आल्या की ती वर्गात आडवी दोरी बांधायची आणि मुलांकडून संख्यांची कार्डं चिमट्यांनी टांगून घ्यायची, लहानापासून मोठ्यापर्यंत. मुलं पहिला अंक बघून फसायची. ९८७६५ मध्ये सुरुवातीलाच नऊ दिसला की ते कार्ड १०२३४० च्या पुढे जायचं. तोवे म्हणायची, "आधी अंक मोजा. पाच अंकांची संख्या सहा अंकांच्या संख्येहून लहानच, मग ती कितीही नऊ मिरवू दे. अंक सारखे भरले तरच डावीकडून बघत या. पहिला फरक दिसला की तिथंच निकाल. पुढचं बघायचं नाही." मग ४०८७२ आणि ४०८२७ शेजारी धरायची. चार सारखा, शून्य सारखं, आठ सारखा. दशकाच्या घरात सात आणि दोन. संपला वाद. कधी ती मुद्दाम चुकीचं टांगायची आणि मुलं तिला पकडायची. तो त्यांचा आवडता खेळ होता.

हिवाळ्यात तिच्या मेंदूत गुठळी झाली. ईस्टरनंतर ती परत आली तेव्हा चालणं नीट, बोलणं नीट. डॉक्टरांनी थोडे तास घ्यायला हरकत नाही म्हणून सांगितलं होतं. आम्ही केक आणला, मुलांनी स्वागताला झेंडे लावले.

पहिल्याच आठवड्यात तिने दोरी बांधली. नियम सांगितला, जसाच्या तसा, एक शब्द न चुकता. आणि ९८७६५ शेवटी टांगलं. मुलं हसली. आस्ता नावाची एक धीट मुलगी म्हणाली, "तोवे, हे तू मुद्दाम केलंस ना?"

तोवे म्हणाली, "हो तर." पण ती कार्ड हलवेना. आस्तानेच उठून हलवलं. मग तोवेने पुढचं टांगलं, तेही चुकलं. तिसऱ्या चुकीला कुणी हसलं नाही. भिंतीपलीकडची ती शांतता ऐकून मी माझा वर्ग सोडून दारात जाऊन उभी राहिले.

शाळा सुटल्यावर ती लहान मुलांच्या खुर्चीत बसून राहिली होती. मी शेजारी बसले आणि ९८७६५ आणि १०२३४० ही दोन कार्डं पुढे ठेवली. मला वाटलं होतं, घाई झाली असेल, थकली असेल.

"मोठी कुठली?"

तिने नवावर बोट ठेवलं.

"अंक मोज ना."

तिने बोटाने मोजले, अगदी सावकाश. एका कार्डावर पाच, दुसऱ्यावर सहा. बरोबर मोजले. माझा जीव भांड्यात पडला.

"मग?"

तिने पुन्हा एकदा मोजले. नंतर हळू आवाजात म्हणाली, "लिस्बेत, पाच मोठे की सहा?"

मी कार्डं उचलून बाजूला ठेवली.

"नियम मला पाठ आहे," ती म्हणाली. "म्हणताना वाटतं, आता कळेल. मग बघते तर नुसती चित्रं. नऊ म्हणजे एक शेपटीवालं चित्र. तेवढंच."

पुढे तपासण्या झाल्या. आकड्यांचं भान जिथे असतं तो भागच गेला होता. व्यायाम दिले गेले, तिने ते मन लावून केले. नवरा आयनर टेबलावर बटाटे मांडून विचारायचा, कुठला ढीग मोठा? ढीग तिला ओळखता यायचे. ढिगाशेजारी आकडा ठेवला की घोटाळा. उन्हाळ्यात डॉक्टर म्हणाले की आता यापुढे फारसा फरक पडेल असं दिसत नाही.

मुख्याध्यापक प्रेबेन माणूस चांगला. त्याने सुचवलं की गणित राहू दे, तिने येऊन मुलांना गोष्टी वाचून दाखवाव्यात. ती आली. आवाज तोच होता, मुलं गालिच्यावर पसरून ऐकत होती. दुसऱ्या खेपेला पुस्तकातली खूण पडली. आस्ता म्हणाली, "आपण त्रेचाळीस पानावर होतो." तोवेने पुस्तक उघडलं, ते एकोणसाठाव्या पानावर उघडलं. तिथून मागे जायचं की पुढे, ते तिला कळेना. ती पुढे गेली, अजून पुढे गेली. एक मुलगा मदतीला उठला आणि त्याने हात पुढे केला, तसं तिने पुस्तक मिटून त्याच्या हातात दिलं, कोट घातला आणि निघून गेली. पुन्हा शाळेत आली नाही. निरोपाच्या समारंभालाही नाही.

मी अधूनमधून तिच्या घरी जाते. आयनर कॉफी घेऊन बाहेर पायरीवर येतो. म्हणतो, आज ती झोपलीय. आतून रेडिओ ऐकू येत असतो आणि तो बंद होतो. आम्ही हवेबद्दल, बंदराबद्दल बोलतो. कप रिकामे झाले की तो उठतो आणि दार हळूच लावून घेतो.